चिठ्ठी लेकरूच वाचून दाखवणार होतं

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या कडेला असलेल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी दुसरीचा वर्ग शिकवते. वर्गात 31 पोरं. मार्चात सकाळची शाळा सुरू झाली होती, त्या आठवड्यातल्या बुधवारी गटात वाचन चाललं होतं. एका पुस्तकावर चार डोकी टेकलेली. त्यातल्या एका पोरीच्या कानामागून तिळाएवढं काहीतरी सरकताना मला दिसलं आणि रिबिनीखाली गेलं. मग लक्ष देऊन पाहिलं, तर शेजारचीही मान खाजवत होती आणि तिच्या पलीकडचा पोरगाही.

त्या दिवशी मी जे केलं ते आता सांगायला बरं वाटत नाही, पण सांगते. मधल्या सुट्टीत घाईघाईत चार ओळी लिहिल्या, झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येकाच्या दप्तरात टाकल्या. ‘वर्गातील काही विद्यार्थ्यांच्या डोक्यात उवा आढळून आल्या आहेत. पालकांनी स्वच्छतेकडे लक्ष द्यावे. डोके पूर्ण स्वच्छ झाल्याशिवाय पाल्यास शाळेत पाठवू नये.’ खाली सही, शिक्का. कार्यालयीन मराठीत लिहिलं की आपण काहीतरी काम केलं असं वाटतं, तेवढंच.

गुरुवारी सात पोरं आली नाहीत. शुक्रवारी एक मुलगी डोक्याला रुमाल बांधून आली. खाली पूर्ण चमनगोटा. वडिलांनी रात्रीच न्हाव्याकडे नेलं होतं. उवांना धरायला केस लागतात, त्यामुळे उपाय म्हणून तो चुकत नाही, हे खरंच. पण आठ वर्षांच्या पोरीच्या कमरेपर्यंतच्या दोन वेण्या माझ्या चार ओळींनी गेल्या होत्या आणि ती दिवसभर कोणाशी बोलली नाही.

शनिवारी त्याहून वाईट झालं. एका पोरीला तिची आजी हाताला धरून घेऊन आली. पोरीचे दोन्ही डोळे लालभडक, पाणी गळतंय, उजेडाकडे बघवत नाही. आमच्याकडे सीताफळं अमाप. दिवाळीच्या आसपास खाल्लेल्या सीताफळांच्या बिया घरोघरी वाळवून ठेवतात, त्या वाटून डोक्याला लावायचा जुना उपाय आहे. आजीनं तोच केला होता. लेप घामाने ओघळून डोळ्यांत उतरला. “आमच्या लहानपणी लावायचेच की ओ बाई,” आजी म्हणाली. लावायचे, हे खरं. ती बी उवा मारते तेही खरं. पण त्याच विषाने डोळ्याचा बाहुलीवरचा पडदा भाजल्यासारखा होतो, आणि लेप डोळ्यांपासून दूर ठेवणं लहान पोराच्या बाबतीत कोणाला जमत नाही. आम्ही हापशाच्या स्वच्छ पाण्याची धार सोडून पंधरा-वीस मिनिटं डोळे धुतले आणि मग तिला सरकारी दवाखान्यात पाठवलं. थेंब आणि मलम सुरू झालं. चार-पाच दिवसांनी डोळे निवळले. थोडक्यात वाचलं.

दवाखान्यातून परत येताना आजी सहज बोलून गेली, “म्या काय वाचती, तुमची चिठ्ठी पोरीनंच वाचून दाखवली. ‘स्वच्छतेकडे लक्ष द्यावे’ म्हणताना रडायलीच बगा.”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. निम्म्या घरांत आई-बाप दिवसभर रानात, संध्याकाळी घरी आजी-आजोबा, आणि घरातलं वाचता येणारं माणूस म्हणजे दुसरीतलं लेकरूच. मी पालकांना लिहिलं होतं, पण वाचणार होतं ते पोर, मोठ्यानं, सगळ्या घरासमोर. नव्या चिठ्ठीसाठी त्यातून दोन गोष्टी ठरल्या. शब्द दुसरीच्या पोराला अडखळल्याशिवाय वाचता यायला हवेत, आणि वाचताना त्याची मान खाली जाऊ नये.

लिहायला बसण्याआधी नक्की किती पोरांच्या डोक्यात आहेत ते पाहायचं ठरवलं. शनिवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत एकेकाला बोलावलं. आशाताई मदतीला आल्या. सगळ्यांना बोलावलं, खाजवणाऱ्यांनाच नाही. त्याचं कारण आहे. खाज येते ती ऊ चावताना सोडते त्या लाळेमुळे, आणि पहिल्यांदाच उवा झालेल्या अंगाला त्या लाळेची सवय होऊन खाज सुटायला चार ते सहा आठवडे जाऊ शकतात. तोवर पोर मजेत असतं आणि उवा इकडून तिकडे जात राहतात. खाजवणाऱ्यावर बोट ठेवलं तर बाकीचे सुटतात.

पाहायची रीत साधी होती. केसांना थोडं खोबरेल, मोठ्या कंगव्याने गुंता काढायचा, मग बारीक दातांची फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढायची आणि पांढऱ्या कागदावर पुसायची. तेलात ऊ पळत नाही, मंद होते, म्हणून सापडते. कोरड्या केसांत नुसतं बघत बसलं तर ती उजेडाला घाबरून केव्हाच आत गेलेली असते. कागदावर चालणारी ऊ दिसली तरच मी ‘आहे’ लिहिलं. नुसत्या लिखा दिसल्या तर नाही. अकरा पोरांत जिवंत उवा निघाल्या, त्यात तीन मुलगे. शेवटी आशाताईंनी मलाच खुर्चीवर बसवलं आणि माझ्या डोक्यातून दोन काढल्या. आम्ही दोघी हसलो, पण घरी गेल्यावर मी आधी आरशासमोर उभी राहिले.

लिखांनी मात्र दुसरंच एक काम करून दिलं. ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली काही कुटुंबं पट्टा पडल्यामुळे, म्हणजे हंगाम संपल्यामुळे, आठ-दहा दिवसांपूर्वीच गावात परतली होती. त्यांची चार पोरं वर्गात आली होती. बुधवारपासून गावात एकच बोलणं: “कोपीवरून आलेल्या पोरांनीच आणल्यात.” एका पालकाने तर त्यांना वेगळं बसवा म्हणून सांगितलं. आता लीख ही उवेने टाळूजवळ केसाला डिंकासारखी चिकटवलेली अंडी. ती जागा सोडत नाही, केस वाढेल तशी बाहेर सरकते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे टाळूपासून दोन सेंटिमीटरवर पांढरं रिकामं टरफल दिसलं तर ते अंडं दोनेक महिन्यांपूर्वीचं. गावात कायम राहणाऱ्या चार मुलींच्या केसांत मला अशी टरफलं दोन-अडीच सेंटिमीटरवर दिसली. हिशेब सरळ होता: ही मंडळी फडावर होती तेव्हाच उवा वर्गात होत्या. त्या पालकाला मी हे नावं न घेता समजावलं. तो काही बोलला नाही, पण वेगळं बसवायचा विषय पुन्हा निघाला नाही.

कोंडा आणि लीख यांची गल्लतही याच वेळी खूप दिसली. नखाने सरकवलं आणि पडलं तर कोंडा. केसाला घट्ट बसलेलं, दोन नखांत धरून ओढावं लागलं तर लीख.

शनिवारी रात्री चिठ्ठी लिहिली. चार वेळा लिहिली. दर वेळी शेजारच्या पहिली पास झालेल्या पोराकडून वाचून घेतली. तो जिथे अडखळला तिथला शब्द बदलला. ‘संसर्ग’ गेला, ‘प्रादुर्भाव’ तर पहिल्याच फेरीत गेला. शेवटी राहिली ती अशी:

‘आई, बाबा, आजी, आजोबा, नमस्कार. आपल्या वर्गात काही मुलांच्या केसांत उवा सापडल्या. बाईंच्या केसांत पण सापडल्या. घाबरू नका. डोक्यातल्या उवांनी आजार पसरत नाही. रोज अंघोळ करणाऱ्यालाही उवा होतात. त्या उडत नाहीत, उडी मारत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की चालत जातात. मला शाळेत पाठवा. केस कापू नका.

आज, रविवारी, घरातल्या सगळ्यांची डोकी बघा. केसांना भरपूर तेल लावा. बारीक फणी टाळूपासून टोकापर्यंत ओढा. दर वेळी पांढऱ्या कापडावर पुसा. डोकं चार भागांत वाटा आणि कानामागे, मानेवर नीट बघा. ज्यांच्यात ऊ निघाली त्यांची फणी रविवार, गुरुवार, सोमवार, शुक्रवार अशी चार वेळा करा. मंगळवारी शेवटचं बघा. ऊ दिसली नाही तरी वार चुकवू नका.

डोक्याला रॉकेल लावू नका. कापसावर मारायचं औषध लावू नका. सीताफळाचं बी लावू नका. डोळे जातील, जीव जाईल. औषध हवं असेल तर आधी आशाताईंना किंवा दवाखान्यात विचारा. फणी नसेल तर शाळेतून घेऊन जा.’

‘मला शाळेत पाठवा’ हे वाक्य पोराच्या तोंडी मुद्दाम घातलं. चिठ्ठी पोरच वाचणार असेल तर त्याला ते स्वतःसाठी म्हणता यावं. रविवारी सकाळी मी आणि आशाताई प्रत्येक घरी देऊन आलो. बाजारात पन्नास-साठ रुपयांना मिळणाऱ्या पत्र्याच्या बारीक दातांच्या बारा फण्या आम्ही आणल्या होत्या. प्लॅस्टिकच्या घेऊ नयेत, त्यांचे दात वाकतात आणि छोटी ऊ मधून निसटते. एका घरी आजीने फडताळातून जुनी लाकडी दुहेरी फणी काढून दाखवली. माझ्या पत्र्याच्या फणीपेक्षा तिचे दात बारीक होते. तिला नवी दिलीच नाही.

रॉकेल आणि फवारणीच्या औषधाची ओळ काहींना जास्तच कडक वाटली. पण आमच्याकडे प्रत्येक घरात कोपऱ्यात कापसाच्या फवाऱ्याची एखादी अर्धी बाटली असते, आणि ‘किडा मरतोय तर ऊ का मरणार नाही’ हा विचार फार सोपा आहे. ते औषध टाळूतून अंगात शिरतं. रॉकेल लावून चुलीपुढे बसलेल्या बाईची गोष्ट आशाताईंकडे होती, ती मी इथे सांगत नाही.

चार वार का, हे बहुतेकांनी विचारलं. ऊ दिसेनाशी झाली की काम झालं असंच वाटतं, आणि तिथेच सगळं फसतं. फणीने मोठ्या उवा निघतात, लिखा बहुतेक राहतात. लीख साधारण सात ते दहा दिवसांत फुटते, त्यातून पिल्लू निघतं, आणि ते पिल्लू स्वतः अंडी घालायला लागायला आणखी नऊ-दहा दिवस तरी घेतं. आपल्याला त्या मधल्या दिवसांत पिल्लं पकडायची असतात. दर चार दिवसांनी फणी फिरली, 1, 5, 9 आणि 13 व्या दिवशी, की पहिल्या दिवशी राहिलेली शेवटची लीख फुटूनही पिल्लू मोठं व्हायच्या आत सापडतं. 17 व्या दिवशी काहीच निघालं नाही तर संपलं. मी हे अंगणात काडीने रेघा ओढून सांगितलं. शेतकऱ्यांना उगवणीचा हिशेब लगेच कळतो. एक आजोबा म्हणाले, “म्हंजी तण काढल्यासारखंच की. बी जमिनीत ऱ्हातंय, उगवलं की खुरपायचं.”

सीताफळाच्या आजीच्या घरचं मी जवळून पाहिलं, कारण तिथे रोज डोळ्यांची चौकशी करायला जातच होते. डोळ्यांना त्रास नको म्हणून पोरीचं डोकं मागे झुकवून आजी उंबऱ्यावर फणी करायची. पहिल्या रविवारी पांढऱ्या धडप्यावर चौदा निघाल्या, लहान-मोठ्या मिळून. गुरुवारी सहा, सगळ्या बारीक, मोहरीच्या टोकाएवढ्या. बरं चाललं होतं. सोमवारी तीन बारीक आणि एक मोठी, चांगली तिळाएवढी. मी थांबले. बारीक तीन नुकत्या फुटलेल्या लिखांतून आलेल्या, ते ठीक. पण चार दिवसांपूर्वीच्या पिल्लाची एवढी मोठी ऊ होत नाही. म्हणजे एक तर आधी दोन्ही वेळा निसटली असणार, नाही तर दुसऱ्या डोक्यातून नव्याने आली असणार. “घरात अजून कोणाचं डोकं बघायचं राहिलंय?” विचारलं. आजी गप्प. मग आतून तिची मोठी नात बाहेर आली, दहावीची परीक्षा देत होती. एकाच वाकळीवर दोघी बहिणी झोपायच्या. मोठीने लाजून कोणाला डोक्याला हात लावू दिला नव्हता. तिच्या डोक्यातून त्या दिवशी वीस-एक निघाल्या. लहानीचं शुक्रवारी शून्य, पुढच्या मंगळवारी शून्य. मोठीचे वार मात्र त्या सोमवारपासून नव्याने मोजले.

वाकळी आणि गोधड्या धुवायच्या का, हा दुसरा मोठा प्रश्न होता. मार्चमध्ये आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा. सगळं अंथरूण धुवा असं लिहिलं असतं तर लोकांनी चिठ्ठीच बाजूला ठेवली असती, आणि त्याची गरजही नाही. डोक्यावरून पडलेली ऊ रक्ताशिवाय एक-दोन दिवसांत मरते. उशीचं कापड, ओढणी, टोपी असं गेल्या दोन दिवसांत डोक्याला लागलेलं गरम पाण्यात काढायचं, बाकी वाकळ दोन-तीन दिवस उन्हात टाकून ठेवायची. फण्या कडक पाण्यात दहा मिनिटं बुडवायच्या. पाणी नाही म्हणूनच मी फणी तेलाने सांगितली, ओल्या केसांवर नाही. ओल्या केसांत शाम्पू-कंडिशनर घालूनही करता येते, पण तेवढं पाणी कुठून आणायचं? शाळेतही शाळा व्यवस्थापन समितीच्या एका सदस्याने वर्गात औषध फवारायची तयारी दाखवली होती. नम्रपणे नको म्हटलं. उवा डोक्यात राहतात, फरशीवर नाही. सतरंज्या दोन दिवस उन्हात टाकल्या, तेवढं पुरलं.

दोन घरांनी औषध घेतलं. एका घरी दवाखान्याने परमेथ्रिन 1 टक्क्याचं लोशन लिहून दिलं होतं, पण दुकानदाराने 5 टक्क्यांची ट्यूब दिली. ती खरजेची, अंगाला लावायची. आशाताईंनी वेळेवर बघितलं. दुसऱ्या घरी लोशन बरोबर होतं, पण आधी खोबरेल चोपडलेल्या डोक्यावरच लावलं आणि वर पाण्याने भिजवलं. दोन दिवसांनी उवा तशाच चालताना दिसल्या, तेव्हा ‘औषध खोटं आहे’ असं झालं. मग सांगावं लागलं: आधी साध्या शाम्पूने तेल काढायचं, टॉवेलने केस पुसून नुसते ओलसर ठेवायचे, लोशन टाळूपर्यंत चोळायचं, दहा मिनिटं ठेवून धुवायचं, आणि पुढे दोन दिवस शाम्पू नाही. तेही लिखा मारत नाही, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा. औषध लावलं तरी फणी सुटत नाही, हे कळल्यावर त्या घरातल्या आईने दुसरी बाटली न घेता फणीच धरली.

वर्गात मी दोनच बदल केले. तीन आठवडे गटवाचनाला चौघांना एक पुस्तक न देता दोघांना एक दिलं आणि समोरासमोर बसवलं, शेजारी शेजारी नाही. मुलींनी वेण्या वर बांधून आल्यास चांगलं, असं तोंडी सांगितलं. बाकी खेळ, डबा, सगळं तसंच.

17 व्या दिवसाच्या मंगळवारी पुन्हा सगळ्यांना तपासलं. अकरापैकी नऊ जणांच्या डोक्यात काही नव्हतं. दोघींच्या होत्या, दोघी सख्ख्या चुलत बहिणी, आणि त्यांच्या घरी मधला एक सोमवार लग्नात गेला होता. त्यांना तीच चिठ्ठी फक्त वार बदलून परत दिली. रागावण्यासारखं काही नव्हतं. वार चुकले की फिरून पहिल्यापासून मोजायचं, एवढंच.

चमनगोटा झालेली पोरगी सगळ्यात शेवटी खोलीत आली. डोक्यावर पाऊण सेंटिमीटरही केस नव्हते, तपासण्यासारखं काही नव्हतंच. मी “तुझं झालं, जा” म्हणाले, तर ती खुर्चीवर चढून बसली आणि रुमाल काढून मांडीवर ठेवला. “सगळ्यांचं बघितलं, माझं पण बघा.” मी थोडं तेल लावलं, पत्र्याची फणी हलकीच मागून पुढे फिरवली, पांढऱ्या कागदावर पुसली आणि कागद तिच्या हातात दिला. तिने तो उजेडाकडे धरून नीट पाहिला आणि माझ्या वहीत, तिच्या नावापुढे, स्वतःच शून्य काढलं.